मॅक्स पेन: भाव ओढणारा आकडा की भावामागून चालणारा?

निफ्टीच्या साप्ताहिक ऑप्शन्सची मुदत सप्टेंबर २०२५ पासून दर मंगळवारी संपते. त्या दिवशी बाजार उघडायच्या आधीच ट्रेडर मंडळींमध्ये एक आकडा फिरू लागतो: ‘आज मॅक्स पेन पंचवीस हजार.’ सांगणाऱ्याला म्हणायचे असते की निफ्टी आत्ता कुठेही असो, साडेतीनपर्यंत तो पंचवीस हजाराच्या आसपास येऊन टेकणार. का टेकणार, तर ऑप्शन विकणाऱ्या बड्या मंडळींचे तिथे सर्वांत कमी नुकसान होते, आणि बाजार शेवटी त्यांच्याच मर्जीने चालतो.

या दाव्यात दोन गोष्टी एकत्र बांधल्या आहेत. एक साधे गणित आहे आणि ते बिनचूक आहे. दुसरी त्या गणिताला चिकटवलेली कहाणी आहे, आणि संशय घ्यायचा तो तिच्यावर. गणित नीट कळले की कहाणी कुठे ताणली आहे ते आपोआप दिसू लागते, म्हणून आधी गणित.

कॉल विकत घेणाऱ्याला मुदत संपताना स्ट्राइकच्या वर जितका भाव असेल तितके पैसे मिळतात. पुट घेणाऱ्याला स्ट्राइकच्या खाली जितका भाव असेल तितके. हे पैसे विकणाऱ्याच्या, म्हणजे रायटरच्या खिशातून जातात. प्रत्येक स्ट्राइकला किती कॉल आणि किती पुट अजून उघडे आहेत, म्हणजेच ओपन इंटरेस्ट किती आहे, हे एक्स्चेंज रोज दाखवते. तेव्हा ‘निफ्टी अमुक पातळीला बंद झाला तर सगळ्या रायटरांना मिळून किती द्यावे लागतील’ हे कुणालाही कागदावर काढता येते. ज्या पातळीला ही बेरीज सर्वांत लहान येते, ती पातळी म्हणजे मॅक्स पेन. वेदना खरेदीदारांची मोजली आहे: त्यांच्या हाती सर्वांत कमी येते ती जागा.

एक छोटी ऑप्शन चेन घेऊ. आकडे हिशेबाला सोपे जावेत म्हणून मी रचलेले आहेत. ओपन इंटरेस्ट लाख युनिटमध्ये आहे. निफ्टीच्या स्ट्राइक प्रत्यक्षात पन्नास पन्नास अंकांवर असतात, इथे शंभरावर धरल्या आहेत.

| स्ट्राइक | कॉल | पुट |
|---|---|---|
| २४,८०० | १० | ९० |
| २४,९०० | २० | ७० |
| २५,००० | ६० | ८० |
| २५,१०० | ८० | ३० |
| २५,२०० | १०० | १० |

समजा निफ्टी २५,००० ला बंद झाला. २४,८०० च्या कॉलवाल्यांना प्रत्येकी २०० अंक मिळतील: १० लाख गुणिले २००, म्हणजे २० कोटी रुपये. २४,९०० च्या कॉलवाल्यांना १०० अंक, म्हणजे आणखी २० कोटी. पुटकडे पाहिले तर २५,१०० वाल्यांना ३० कोटी आणि २५,२०० वाल्यांना २० कोटी. बाकी सगळे कागद शून्य. एकूण ९० कोटी.

हीच बेरीज इतर पातळ्यांना केली की २४,८०० ला ३६० कोटी, २४,९०० ला १८० कोटी, २५,१०० ला १४० कोटी आणि २५,२०० ला ३०० कोटी येतात. सर्वांत लहान आकडा ९० कोटींचा, म्हणून मॅक्स पेन २५,०००. स्क्रीनवर जो आकडा दिसतो तो याच रीतीने, फक्त जास्त ओळी घेऊन काढलेला असतो. त्यात याहून गूढ काही नाही.

पण इतक्यावर थांबलो तर खरी गंमत हातची जाते. ही बेरीज एका पातळीवरून पुढच्या पातळीवर जाताना का घटते आणि का वाढते, ते पाहू. निफ्टी २४,९०० वरून २५,००० कडे सरकतो तेव्हा प्रत्येक अंकामागे खालच्या स्ट्राइकचे सगळे कॉल एकेक रुपयाने महाग होतात. हे १० अधिक २०, म्हणजे ३० लाख. त्याच वेळी वरच्या स्ट्राइकचे सगळे पुट एकेक रुपयाने स्वस्त होतात. हे ८० अधिक ३० अधिक १०, म्हणजे १२० लाख. स्वस्त होणारे जास्त आहेत, म्हणून बेरीज घटते. २५,००० च्या पुढे गेलो की खालचे कॉल ९० लाख होतात आणि वरचे पुट ४० लाख उरतात, म्हणून बेरीज वाढू लागते. म्हणजे मॅक्स पेन शोधायला सगळी गुणाकारांची खटपटही लागत नाही. भावाच्या खालचे कॉल आणि भावाच्या वरचे पुट जिथे एकमेकांना तोलतात, ती स्ट्राइक शोधायची.

यातून एक अशी गोष्ट बाहेर पडते जी हा आकडा रोज वापरणाऱ्यांपैकीही फार थोड्यांनी लक्षात घेतलेली असते. आपल्या तक्त्यात सर्वांत मोठा आकडा २५,२०० च्या कॉलचा आहे, १०० लाख. ऑप्शन चेन वाचणारे त्याला ‘भिंत’ म्हणतील आणि मॅक्स पेन २५,००० ला येण्यामागे या भिंतीचा मोठा हात आहे असेही सांगतील. पण तो १०० खोडून तिथे १,००० लिहा किंवा शून्य लिहा, मॅक्स पेन २५,००० च राहतो. कारण तोलामध्ये भावाच्या वरचे कॉल मोजलेच जात नाहीत. खालच्या टोकाच्या ९० लाख पुटांचीही तीच गत. तोल ठरवतात ते ज्यांना आधीच किंमत आली आहे असे कॉल-पुट, म्हणजे ट्रेडरांच्या भाषेत ‘इन द मनी’ कागद.

आणि हे कागद कोणाचे असतात? नव्या सट्ट्याची गर्दी असते ती भावाच्या आसपासच्या आणि बाहेरच्या स्वस्त ऑप्शन्समध्ये. आत गेलेल्या स्ट्राइकला उरलेले ओपन इंटरेस्ट बरेचदा जुने असते. त्यातला काही भाग स्प्रेडचा एक पाय असतो. काही भाग आर्बिट्राजवाल्यांचा असतो: एकाच स्ट्राइकचा कॉल घेतलेला, पुट विकलेला, आणि समोर फ्यूचर विकलेले. अशा माणसाला निफ्टी कुठे बंद होतो याचे सुखही नाही आणि दुःखही नाही. त्याचा नफा सौदा केला त्याच क्षणी ठरला. तरी मॅक्स पेनच्या बेरजेत त्याची ‘वेदना’ पूर्ण भावाने मोजली जाते.

आता पुढची पायरी, आणि माझ्या मते सगळ्या विषयाचे मर्म हेच आहे. वरचा तक्ता शुक्रवार संध्याकाळचा समजा, निफ्टी २५,००० जवळ. सोमवारी बाजार पडला आणि निफ्टी २४,८५० ला आला. ऑप्शन बाजारात काय होते? २४,९०० आणि २५,००० चे कॉल आता भावाच्या वर गेले, ते विकायला लोक धावतात. वरच्या स्ट्राइकचे पुट ज्यांनी विकले होते ते तोटा सोसून बाहेर पडतात, ज्यांनी घेतले होते ते नफा खिशात टाकून. समजा संध्याकाळी २४,८०० चे कॉल १० वरून ६० लाख झाले आणि २४,९०० चे २० वरून ८० लाख. पुटमध्ये २४,९०० चे ७० वरून ६०, २५,००० चे ८० वरून ४० आणि २५,१०० चे ३० वरून २० लाख झाले. तोल पुन्हा पाहा. २४,९०० च्या खाली कॉल ६० लाख, आणि त्या स्ट्राइकपासून वर पुट ६०, ४०, २० आणि १०, म्हणजे १३० लाख; बेरीज अजून घटते आहे. २४,९०० ओलांडले की खालचे कॉल १४० लाख आणि वरचे पुट ७० लाख. बेरीज वाढू लागली. नवा मॅक्स पेन २४,९००.

भाव मॅक्स पेनकडे गेला नाही. भाव खाली गेला आणि मॅक्स पेन त्याच्या मागून एक घर उतरला. दादर स्टेशनबाहेर गर्दी ज्या जिन्याने उतरते तिथे फेरीवाले बसतात, म्हणून काही फेरीवाले गर्दीला ओढतात असे आपण म्हणत नाही. ओपन इंटरेस्टचे तसेच आहे: जिथे भाव असतो तिथे नवे सौदे होतात, आणि सौद्यांच्या मध्यावर काढलेला आकडा भावाच्या जवळच पडतो.

मंगळवारी निफ्टी २४,९२० ला बंद झाला तर संध्याकाळी कुणीतरी सांगणारच: ‘बघा, मॅक्स पेन २४,९०० होता, वीस अंकांच्या आत आला.’ शुक्रवारी तोच माणूस २५,००० सांगत होता हे तोवर विरलेले असते. मोजपट्टीच जर मोजायच्या वस्तूबरोबर सरकत असेल, तर फरक लहानच दिसणार. मुदत जसजशी जवळ येते तसतसे हे सरकणे भावाला अधिक घट्ट चिकटते. दुपारी अडीच वाजताचा मॅक्स पेन आणि साडेतीनचा बंद भाव जवळजवळ असणे ही भविष्यवाणी मानायची, तर अडीचचा भाव आणि साडेतीनचा भाव जवळ असणे हीदेखील भविष्यवाणीच मानावी लागेल.

जवळ म्हणजे किती जवळ, हेही हिशेबाने पाहायला हवे. इंडिया व्हिक्स १३ असताना बाजार वर्षाला साधारण १३ टक्क्यांची हालचाल धरून चालतो. वर्षात व्यवहाराचे दिवस सुमारे २५२, त्याचे वर्गमूळ जवळपास १६. तेरा भागिले सोळा, म्हणजे दिवसाला साधारण ०.८ टक्का, निफ्टी २५,००० असेल तर २०० अंक. आता समजा कुठलीही ओढ नाही, भाव निव्वळ स्वैर फिरतो, आणि आदल्या संध्याकाळी मॅक्स पेन नेमका भावावर आहे. तरीही दुसऱ्या दिवशी निफ्टी त्या आकड्याच्या वर-खाली १०० अंकांत बंद होण्याची शक्यता ३८ टक्क्यांच्या आसपास येते. दुपारी दीडचा आकडा धरला तर सव्वासहा तासांच्या दिवसातले दोनच तास उरतात, आणि हीच शक्यता साठ टक्क्यांच्या वर जाते. म्हणजे पाचातले तीन मंगळवार ‘मॅक्स पेन चालला’ असे म्हणता येईल, आणि त्यासाठी जगात एकही रायटर कारस्थान करायला नको.

गणित इथे संपते. आता कहाणी: रायटर भाव ओढून आणतात. तिच्यातला पहिला पेच असा की ‘रायटर’ नावाचा एकच एक पक्ष कुठे नाही. २५,१०० चा कॉल विकणाऱ्याला भाव खाली हवा, २४,९०० चा पुट विकणाऱ्याला वर. एखाद्याने स्ट्रॅडल विकला असेल तर त्याला मध्ये हवा. मॅक्स पेन या सगळ्यांची बेरीज एका खात्यात टाकतो, जणू काही त्यांचा नफा-तोटा एकाच तिजोरीत जमा होतो. शिवाय मिळालेला प्रीमियम या बेरजेत धरलेलाच नसतो. ज्याने २४,९०० चा कॉल दोनशे रुपयांना विकला, त्याला निफ्टी २५,००० ला बंद झाला तरी शंभर रुपये उरतात. तो कशाला जिवाचा आटापिटा करील? आणि ज्याने विकलेल्या कॉलसमोर फ्यूचर घेऊन ठेवले आहे त्याला भाव वर गेल्याचे दुःख नाहीच.

दुसरा पेच खर्चाचा. आपल्या उदाहरणात निफ्टी २५,१०० ऐवजी २५,००० ला बंद झाला तर सगळ्या रायटरांचे मिळून ५० कोटी वाचतात. पण ते ५० कोटी हजारो खात्यांत विखुरलेले आहेत. भाव पाडायला निघालेल्याला निर्देशांकातले वजनदार शेअर विकून सगळा खर्च एकट्याने करायचा, आणि बचतीतला वाटा मात्र आपल्या पोझिशनपुरताच मिळायचा. त्यातून निफ्टीचा मुदतीचा भाव शेवटच्या टिकवर ठरत नाही. आजवरच्या पद्धतीत प्रत्येक शेअरच्या शेवटच्या अर्ध्या तासातल्या व्यवहारांची भारित सरासरी काढतात आणि तिच्यावरून निर्देशांकाचा बंद भाव निघतो. म्हणजे तीन वाजून एकोणतीस मिनिटांनी एक धक्का देऊन भागत नाही. तीन ते साडेतीन सतत दाबून धरावे लागते.

इतके झाल्यावर ‘सगळे थोतांड’ म्हणून हात झटकण्याचा मोह होतो. तो आवरावा लागतो, कारण मुदतीच्या दिवशी भाव स्ट्राइकला चिकटतो ही गोष्ट निदान काही बाजारांत खरी निघाली आहे. सोफी नी, नील पिअर्सन आणि ॲलन पोटेशमन यांनी २००५ साली अमेरिकी शेअरांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या शेअरांवर ऑप्शन आहेत त्यांचे बंद भाव मुदतीच्या शुक्रवारी स्ट्राइकजवळ नेहमीपेक्षा जास्त वेळा सापडतात. ज्यांच्यावर ऑप्शन नाहीत त्यांच्यात असे काही दिसत नाही. परिणाम किती? ऑप्शन असलेल्या शेअरांच्या त्या दिवसाच्या परताव्यात सरासरी किमान ०.१६५ टक्के इतका फरक. २५,००० च्या निर्देशांकाच्या भाषेत बोलायचे तर चाळीसेक अंक, आणि तेही एकेकट्या शेअरांच्या बाबतीत. दोन-तीनशे अंक दुरून भाव खेचून आणणारी ताकद ही नव्हे.

आणि हे चिकटणे जवळच्या स्ट्राइकला आहे, मॅक्स पेनला नव्हे. ते का होते याचा उलगडा मार्को अवेलानेडा आणि मायकेल लिपकिन यांनी २००३ च्या आपल्या निबंधात मांडला होता, आणि त्यात वेदनेचा काही संबंध नाही. एक मार्केट मेकर घ्या ज्याने २५,००० चे पुष्कळ कॉल विकत घेतले आहेत. त्याला दिशेवर पैज लावायची नाही, म्हणून कॉलच्या डेल्टाइतके फ्यूचर त्याने विकून ठेवले आहेत. मुदत संपायला तासभर उरला आहे. भाव २५,०१० वरून २५,०४० ला गेला की त्याच्या कॉलचा डेल्टा, समजा, ०.६ वरून ०.८ होतो. हिशेब जुळता ठेवायला त्याने आणखी विकायला हवे. भाव २४,९७० ला उतरला की डेल्टा ०.३ वर येतो. आता त्याने विकलेले परत घ्यायला हवे. भाव स्ट्राइकच्या वर गेला की हा विकतो, खाली गेला की घेतो. मुद्दाम कुणी काही करत नाही, तरी भाव स्ट्राइकभोवती घुटमळतो. शेवटच्या तासांत डेल्टा फार झपाट्याने बदलतो, म्हणून ही ओढ तेव्हाच जाणवते, आणि भाव मुळातच स्ट्राइकच्या जवळ असेल तरच.

आता तोच मार्केट मेकर, तेच कॉल, फक्त त्याने ते घेतलेले नसून विकलेले आहेत. सगळी चिन्हे उलटतात. भाव वर गेला की त्याला घ्यावे लागते, खाली गेला की विकावे लागते. तो भावाला स्ट्राइकपासून दूर ढकलतो. बेंजामिन गोलेझ आणि येन्स याकवेर्थ यांनी २०१२ साली एस अँड पी ५०० च्या फ्यूचरबद्दल असेच दाखवले: काही प्रकारच्या मुदतींना भाव जवळच्या स्ट्राइककडे ओढला जातो, तर निर्देशांकावरच्या ऑप्शन्सची मुदत संपण्याच्या ऐन आधी तिच्यापासून दूर ढकलला जातो.

म्हणजे ओढ की ढकल हे ठरते हेजिंग करणाऱ्यांनी ऑप्शन घेतले आहेत की विकले आहेत यावरून. ओपन इंटरेस्ट नेमके हेच सांगत नाही. प्रत्येक उघड्या कॉलला एक घेणारा आणि एक विकणारा असतोच. ६० लाख म्हणजे ६० लाख घेतलेले आणि तेवढेच विकलेले. एनएसई रोज संध्याकाळी ग्राहक, देशी संस्था, परदेशी संस्था आणि प्रोप्रायटरी अशी गटवार आकडेवारी देते, पण ती एकूण कॉल-पुटची असते, स्ट्राइकनिहाय नसते. तेव्हा २५,००० ला कोण कुठल्या बाजूला उभा आहे हे बाहेरच्या माणसाला कळायचा मार्ग नाही. त्यात निफ्टीचा बंद भाव अर्ध्या तासाच्या सरासरीने ठरतो म्हटल्यावर तीन वाजल्यानंतर प्रत्येक मिनिटागणिक काही हिस्सा पक्का होत जातो, भाव हलला तरी अंतिम आकडा कमी हलतो, आणि डेल्टाची ती शेवटची धडपड बोथट होते. शुक्रवारच्या शेवटच्या भावावर सारे ठरणाऱ्या अमेरिकी शेअरांतले निष्कर्ष म्हणूनच निफ्टीवर जसेच्या तसे लावता येत नाहीत.

कहाणी मानणारे या ठिकाणी एक हुकमी पत्ता काढतात: मग जेन स्ट्रीटचे काय? तो पत्ता नीट उलटून पाहण्यासारखा आहे.

१७ जानेवारी २०२४, बुधवार. त्या काळी बँक निफ्टीच्या साप्ताहिक ऑप्शन्सची मुदत बुधवारी संपत असे (त्या साप्ताहिक मुदती नोव्हेंबर २०२४ मध्ये बंद झाल्या). आदल्या दिवशी निर्देशांक ४८,००० च्या थोडा वर बंद झाला होता. संध्याकाळी एचडीएफसी बँकेचे तिमाही निकाल आले, ते बाजाराला रुचले नाहीत, आणि बँक निफ्टीत या एका बँकेचे वजन सर्वांत मोठे. बुधवारी निर्देशांक उघडलाच मुळी मोठ्या खड्ड्यात, आणि दिवसअखेर दोन हजारांहून अधिक अंक, म्हणजे चार टक्क्यांवर पडून ४६,००० च्या आसपास बंद झाला. रात्री ठेवलेले सगळे कॉल-पुट कुठल्या स्ट्राइकला तोलले जात होते याला त्या दिवशी कुणी विचारले नाही. पुट विकून बसलेल्या रायटरांची एकत्रित ‘मर्जी’ चालली असती तर भाव दोन हजार अंक वर राहायला हवा होता.

याच दिवसाचे उदाहरण सेबीच्या ३ जुलै २०२५ च्या अंतरिम आदेशात येते. सेबीचा आरोप असा, की जेन स्ट्रीट समूहाने सकाळी बँक निफ्टीतले शेअर आणि फ्यूचर मोठ्या प्रमाणात घेऊन निर्देशांकाला टेकू दिला, त्याच वेळी पुट घेतले आणि कॉल विकले, आणि नंतर घेतलेले शेअर विकून निर्देशांक खाली जाऊ दिला. अनेक दिवसांच्या अशा व्यवहारांतून मिळालेले ४,८४३ कोटी रुपये बेकायदा नफा म्हणून सेबीने बाजूला ठेवायला लावले. कंपनीने आरोप नाकारले आहेत आणि प्रकरण अपिलात गेले. निकाल काय लागायचा तो लागो. आपल्या प्रश्नापुरते पाहायचे ते आरोपाचे स्वरूप. त्यात निर्देशांक ढकलणारा एक खेळाडू आहे, त्याची स्वतःची प्रचंड पोझिशन आहे, आणि ढकल त्या पोझिशनच्या दिशेने आहे. सगळ्या रायटरांचे एकूण नुकसान कमी व्हावे म्हणून कुणी झिजले, असे त्यात कुठेच नाही. उलट त्या पोझिशनमध्ये विकत घेतलेले पुट होते, ज्यांचे पैसे पुट विकणाऱ्यांनीच भरले. मुदतीच्या दिवशी भाव हलवला जाऊ शकतो, हे मान्य केले तरी तो मॅक्स पेनकडे हलवला जाईल हे त्यातून निघत नाही.

ज्याला स्वतः तपासायचे असेल त्याने काय करावे? वही ठेवावी, पण तीन अटींवर. पहिली, आकडा उचलायची वेळ कायमची ठरवून टाकायची, उदाहरणार्थ सोमवारी साडेतीन, आणि नंतर सरकलेला मॅक्स पेन विसरून जायचा. दुसरी, शेजारी आणखी एक रकाना ठेवायचा: त्याच वेळचा निफ्टी. मंगळवारचा बंद भाव दोहोंपैकी कुणाच्या अधिक जवळ पडला ते लिहायचे. ‘भाव होता तिथेच राहील’ हा अंदाज फुकटचा आहे. मॅक्स पेनने निदान त्याला तरी हरवायला हवे.

तिसरी अट सर्वांत कामाची. ज्या आठवड्यांत मॅक्स पेन भावाच्या जवळच आहे ते मोजायचेच नाहीत, कारण तिथे दोन्ही अंदाज एकच आहेत. फक्त ते सोमवार धरायचे ज्या दिवशी दोहोंत, समजा, दीडशे अंकांचे अंतर आहे, आणि मंगळवारी भाव मॅक्स पेनच्या दिशेने गेला की उलट, एवढेच टिपायचे. ओढ असेल तर ती इथे दिसली पाहिजे. वर्षात असे सोमवार पंधरा भेटले असे धरू. त्यांतल्या नऊ वेळा भाव मॅक्स पेनकडे गेला तर साठ टक्के यश म्हणून मिरवावेसे वाटेल. पण नाणे पंधरा वेळा उडवून नऊ किंवा अधिक छापे पडण्याची शक्यताच तीस टक्के आहे. बारा वेळा किंवा जास्त गेला, तर नाण्याच्या नशिबाने तसे होण्याची शक्यता दोन टक्क्यांच्याही आत येते. तशी वही कुणी आणली तर मी ती उघडून बसेन, आणि पहिला प्रश्न विचारेन तो सोमवारच्या साडेतीनचा आकडा सोमवारीच लिहिला होता का, हा.